डिलिव्हरी व्हॅन आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स, दोन्हीचा घसारा एकाच खात्यात टाकला तर चालतं का?

सांवेररोड_स्मिता
नमस्कार मंडळी. आमचं मसाल्यांचं छोटं युनिट आहे इंदूरला, सांवेर रोडला, प्रायव्हेट लिमिटेड आहे, घरचेच डायरेक्टर. ह्या वर्षी दोन मोठे खर्च झाले. एक डिलिव्हरी व्हॅन घेतली, सियागंज आणि छावणीची दुकानं, शिवाय आठवड्यातून तीनदा उज्जैन-देवास. जीएसटीचं क्रेडिट घेतल्यावर, बॉडी आणि रोड टॅक्स धरून ८ लाखाला पडली, १ ऑक्टोबरपासून रस्त्यावर आहे. दुसरं म्हणजे बिलिंग आणि रूट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर, ३ वर्षांचं लायसन्स. बिलात लायसन्स ३ लाख, सेटअप ३० हजार, ट्रेनिंग २४ हजार, असे तीन आकडे आहेत, जीएसटी वेगळा. लायसन्सची मुदत १ ऑक्टोबरपासून सुरू झाली पण आमचे आयटम, रेट, पार्ट्या सगळं चढवून बिलिंग खरं चालू झालं १ जानेवारीला.

आता अकाउंट लिहिणाऱ्या मुलाने दोन्ही "व्हेइकल व इतर" ह्या एका खात्यात टाकून सरळ १५ टक्क्यांनी घसारा लावलाय. मला आतून पटत नाहीये पण नक्की काय चुकतंय ते मला मांडता येत नाहीये. ऑडिटला जायच्या आधी समजून घ्यायचंय. कोणी नीट सांगेल का?

देवासनाका
ताई त्यात चूक काही नाही, घसारा तो घसारा, नफ्यातूनच वजा होतो ना शेवटी. फक्त १५ टक्के का लावले ते विचारा त्याला. व्हॅनची नंबर प्लेट पिवळी असेल तर ३० टक्के मिळतो, मी माझ्या सगळ्या गाड्यांवर ३० घेतो, किती वर्षं झाली, कधी कोणी अडवलं नाही. सॉफ्टवेअरला पण कॉम्प्युटरवाला ४० टक्के लावा, मोकळे व्हा.

राजेंद्रनगरकर
स्मिताताई, अमॉर्टायझेशनचा तक्ता तर बँक स्वतःच देते की. आम्ही गाडी लोनवर घेतली तेव्हा मिळाला होता, त्यात दर महिन्याला मुद्दल किती आणि व्याज किती ते लिहिलेलं असतं. तोच अकाउंटवाल्याला द्या, त्यातलं मुद्दल खर्चात टाकायचं. तुमची व्हॅन लोनवर आहे का?

सांवेररोड_स्मिता
हो व्हॅनवर ४ वर्षांचं लोन आहे. पण मी ते विचारत नव्हते बहुतेक 🙂 सॉफ्टवेअर तर आम्ही रोख घेतलंय, त्याला कसला तक्ता.

जमाखर्च_काका
स्मिता, तुझी शंका बरोबर आहे आणि ही गोष्ट तू ऑडिटच्या आधी काढलीस ते फार बरं केलंस. मी इथेच पलासियाला प्रॅक्टिस करतो, ही गल्लत दर मार्चमध्ये बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी राजेंद्रनगरकरांचं. बँकेचा तो तक्ता कर्ज कसं फिटतंय ते सांगतो. मुद्दल फेडणं हा खर्चच नाही, ते देणं कमी होणं आहे, खर्च फक्त व्याज. स्मिताची व्हॅन ४ वर्षांत फिटेल पण रस्त्यावर त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त चालेल, म्हणजे हप्ता आणि घसारा ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मुद्दल खर्चात टाकलं तर पहिल्या ४ वर्षांत नफा उगाच पडलेला दिसेल आणि पाचव्या वर्षी गाडी फुकटात धावतेय असं दिसेल.

आता देवासनाका, तुझ्या गाड्या लोकांचा माल भाड्याने वाहतात, म्हणून तुला ३० टक्के. पिवळी प्लेट हे त्याचं कारण नाही. स्मिताची व्हॅन स्वतःचे मसाले पोचवते, भाडं कोणाकडून घेत नाही, म्हणून इन्कम टॅक्समध्ये तिला १५ टक्केच. कंपनी कायद्यात पण हाच फरक आहे, शेड्यूल दोनमध्ये भाड्याने चालवायच्या गाडीचं आयुष्य ६ वर्षं धरलंय आणि स्वतःच्या धंद्यात वापरायच्या गाडीचं ८.

आणि मुळातली गोष्ट, हे टक्के टॅक्सच्या रिटर्नसाठी आहेत. कंपनीच्या पुस्तकात टक्क्यापासून सुरुवात करायचीच नाही. आधी विचारायचं की ही वस्तू आपल्याला किती काळ उपयोगी पडणार, आणि शेवटी तिचे हातात काय येणार. ह्या दोन प्रश्नांची व्हॅनची उत्तरं वेगळी आणि लायसन्सची वेगळी, म्हणून एका खात्यात जमत नाही.

व्हॅन घे. ८ लाख, आयुष्य ८ वर्षं, शेवटी भंगार-विक्रीचे साधारण ५ टक्के म्हणजे ४० हजार धरायचे. उरले ७ लाख ६० हजार, भागिले ८, वर्षाला ९५ हजार. ह्या वर्षी ऑक्टोबर ते मार्च सहाच महिने, म्हणून ४७,५००. विम्याचा हप्ता त्या ८ लाखात नसेल ना ते बघ, तो त्या त्या काळाचा खर्च, गाडीच्या किमतीत जात नाही.

लायसन्स घे. ट्रेनिंगचे २४ हजार आधी बाजूला काढ, ते ह्याच वर्षी सरळ खर्च. शिकलेला माणूस उद्या नोकरी सोडून गेला तर ते शिक्षण त्याच्याबरोबर जातं, कंपनीच्या हातात मालमत्ता म्हणून काही राहत नाही. सेटअपचे ३० हजार मात्र लायसन्सला जोडायचे कारण त्याच्याशिवाय ते वापरण्याजोगं झालंच नसतं. झाले ३ लाख ३० हजार. हे अमॉर्टाइज करायचे, म्हणजे मुदतीवर वाटून थोडे थोडे खर्चात टाकायचे, ते कधीपासून? वापरायला तयार झालं तेव्हापासून, म्हणजे १ जानेवारी. कुठपर्यंत? करार संपतो तिथपर्यंत, म्हणजे तिसऱ्या वर्षीचा ३० सप्टेंबर. मधे ३३ महिने. महिन्याला बरोब्बर १० हजार. ह्या मार्चपर्यंत ३० हजार, मग दोन वर्षं १ लाख २० हजार, शेवटच्या वर्षी ६० हजार आणि शिल्लक शून्य. शेवटी भंगाराची किंमत काही धरायची नाही, संपलेलं लायसन्स कोण विकत घेणार.

सांवेररोड_स्मिता
काका किती सोप्पं करून सांगितलंत. पण मग १५ टक्क्यांनी नेमकं बिघडलं काय असतं? मुलगा म्हणतोय की ताई आज नाही तर उद्या सगळी रक्कम खर्चात जातेच.

जमाखर्च_काका
तेच करून बघू. त्याच्या पद्धतीने लायसन्सवर पहिल्या वर्षी अर्धा दर, ३ लाख ३० हजाराचे राहिले ३,०५,२५०. पुढच्या वर्षी १५ टक्के कापले, राहिले साधारण २,५९,४६०. त्याच्या पुढच्या वर्षी साधारण २,२०,५४०. आता त्या मार्चनंतर सहा महिन्यांत लायसन्स बंद पडणार आहे, आणि पुस्तकात अजून २ लाख २० हजार उभे आहेत. माझ्या हिशोबाने त्या दिवशी फक्त ६० हजार असायला हवेत. म्हणजे दोन-अडीच वर्षं तुमचा नफा दर वर्षी फुगलेला दाखवला आणि चौथ्या वर्षी सगळा ढीग एकदम अंगावर येणार. किंवा त्याहून वाईट, येणारच नाही, कारण खातं "व्हेइकल व इतर" आहे, व्हॅनच्या आकड्यात ती रक्कम मिसळून गेलेली आहे, आणि बंद पडलेलं सॉफ्टवेअर पुस्तकात दर वर्षी १५ टक्के कमी होत होत वर्षानुवर्षं जिवंत राहणार. घटत्या शिल्लकीवर टक्के काढलेस की आकडा कधी शून्य होतच नाही. व्हॅनला ते काही प्रमाणात शोभतं, तिची दहाव्या वर्षी पण काहीतरी किंमत असते. मुदतीच्या लायसन्सला शोभत नाही.

अशी चूक पकडायची असेल तर ३१ मार्चला मालमत्तेची यादी घेऊन बसायचं आणि एकेक ओळीला विचारायचं की ही वस्तू मला आत्ता दाखव. व्हॅन दारात उभी असते, आरसी असते. लायसन्सचं करारपत्र काढायचं, त्यावरची शेवटची तारीख यादीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची. तारीख उलटून गेलीय आणि समोर रक्कम आहे, तर ती रक्कम तिथे असायलाच नको.

निवृत्तबँकर
मी इथल्या एका बँकेत कर्ज विभागात होतो, त्या बाजूने सांगतो. सीसी लिमिटच्या रिन्युअलला आम्ही टँजिबल नेटवर्थ काढायचो, म्हणजे भांडवल आणि रिझर्व्हमधून इन्टँजिबल, म्हणजे हात लावता न येणारी, मालमत्ता वजा. सॉफ्टवेअर जर गाडीच्या खात्यात लपलेलं असेल तर नेटवर्थ तेवढी जास्त दिसते. कंपनीच्या ताळेबंदात प्रॉपर्टी प्लँट इक्विपमेंट वेगळं आणि इन्टँजिबल वेगळं दाखवायचंच असतं, त्यात निवड नाही. नफा-तोट्यात मात्र डेप्रिसिएशन आणि अमॉर्टायझेशन एकाच ओळीत येतात, त्यामुळे लोकांना वाटतं की दोन्ही एकच. टिपणीत जाऊन बघितलं की कळतं.

आणि स्मिताताई, बँकेने नंतर शोधून काढण्यापेक्षा तुम्ही आधीच नीट दाखवलेलं केव्हाही बरं. रक्कम लहान असली तरी एक खातं गोलमाल दिसलं की मग अधिकारी बाकीची खाती पण उघडून बघतो.

देवासनाका
बरं प्लेटचं मानलं काका, आमच्या भाड्याच्या गाड्यांमुळे माझा समज तसा झाला होता. पण ३ वर्षं कशाला धरायची? सॉफ्टवेअर कोण सोडतं, एकदा बिलिंग बसलं की माणूस पुन्हा रिन्यू करतोच. मी ऐकलंय १० वर्षांपर्यंत धरता येतं. १० धरा, दर वर्षीचा बोजा कमी.

जमाखर्च_काका
१० वर्षं हे तू अर्धं ऐकलंयस. एएस २६ ह्या हिशोबाच्या मानकात असं गृहीत आहे की अशा मालमत्तेचं आयुष्य सहसा १० वर्षांच्या वर जात नाही. ती वरची कड आहे, सगळ्यांना मिळणारा आकडा नव्हे. हक्क जर करारातून ठराविक मुदतीचा मिळाला असेल तर आयुष्य त्या मुदतीच्या पुढे नेता येत नाही, फक्त रिन्यू करायचा हक्क असेल आणि रिन्यू होणार हे जवळजवळ नक्की असेल तरच. आणि स्मिताला तीन वर्षांनी परत तेवढीच मोठी रक्कम भरावी लागणार असेल तर ते नवीन लायसन्स झालं, त्याची नवीन रक्कम, नवीन महिने. जुन्याचे पैसे नव्याच्या आयुष्यावर पसरायचे नाहीत. कायमस्वरूपी लायसन्स असतं, एकदा पैसे भरले की झालं, तर गोष्ट वेगळी होती, तिथे बसून अंदाज बांधावा लागतो की हे किती वर्षं आपल्या कामाचं राहील.

प्रणव_विजयनगर
मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, विकणाऱ्या बाजूचा म्हणा. एक विचारू का? आजकाल ९० टक्के वेळा तुम्ही लायसन्स घेतच नाही, तुम्ही क्लाउडवर लॉगिन घेता, दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरता, सर्व्हर आमचा, भरणं थांबलं की लॉगिन बंद. ताईंचं तसलंच असेल तर त्याला मालमत्ता म्हणायचं तरी कसं? आमचे कस्टमर त्याला सरळ भाड्यासारखा खर्च दाखवतात.

सांवेररोड_स्मिता
आमचं दुकानच्या म्हणजे युनिटच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल आहे. इंटरनेट बंद असलं तरी बिल निघतं, ते मी मुद्दाम बघून घेतलं होतं कारण आमच्या भागात लाइन जाते कधीकधी. ३ वर्षांचे पैसे एकदम दिलेत.

जमाखर्च_काका
प्रणवचा मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. प्रश्न ताब्याचा आहे. स्मिताच्या कॉम्प्युटरवर प्रत आहे, ती प्रत स्मिता ३ वर्षं कशीही वापरू शकते, विकणारा मधेच काढून घेऊ शकत नाही, म्हणून मालमत्ता धरायला आधार आहे. नुसतं लॉगिन असेल तर ती सेवा, वर्षाचे आगाऊ दिले तर न वापरलेले महिने प्रीपेड, बाकी खर्च. तिथे अमॉर्टायझेशनचा प्रश्नच येत नाही.

पण लॉगिनवाल्या सॉफ्टवेअरच्या सेटअपचे पैसे, ते कुठे टाकायचे ह्यावर एकमत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांच्या, म्हणजे आयएफआरएसच्या, लोकांनी २०२१ मध्ये सांगितलं की क्लाउडमधलं कॉन्फिगरेशन बहुतेक वेळा खर्चच. आपल्याकडच्या छोट्या कंपन्या साध्या एएसवर चालतात, तिथे काही ऑडिटर ते कराराच्या मुदतीवर पसरवू देतात, काही नाही देत. मी नाही देत. पण माझ्याच ओळखीतले चांगले लोक देतात, त्यांचं म्हणणं की फायदा सगळ्या मुदतीत मिळतो तर खर्च एका वर्षावर का टाकायचा.

निवृत्तबँकर
काका, व्हॅनच्या ८ वर्षांवर मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. उज्जैन-देवास करणारी गाडी, वर लोड, पाच वर्षांत इंजिनचं काम निघतं. मालक लोक पाचव्या वर्षी विकून नवीन घेतात. मग ८ वर्षं धरून काय उपयोग?

जमाखर्च_काका
शेड्यूलमधला आकडा ही सुरुवात आहे, वेगळं आयुष्य धरायला मनाई नाही. पण मग कारण लिहून द्यावं लागतं, त्याला तांत्रिक आधार लागतो, आणि ते हिशोबाच्या टिपणीत सांगायला लागतं. समजा स्मिता म्हणाली की मी ५ वर्षांत विकणार आणि २ लाख येतील, तर ६ लाख भागिले ५, वर्षाला १ लाख २० हजार. ९५ हजारांच्या जागी. पण त्या २ लाखाला काय पुरावा? अशाच गाड्यांचे जुन्या बाजारातले भाव, तिचा स्वतःचा आधीच्या गाड्यांचा अनुभव. ही तिची पहिलीच व्हॅन आहे म्हणून मी सध्या ८ वर आणि ५ टक्क्यांवर ठेवलं. दोन वर्षं किलोमीटर आणि दुरुस्तीचा खर्च बघावा, तेव्हा आयुष्य बदलावंसं वाटलं तर बदल पुढच्या वर्षांवर लागू होतो, मागची वर्षं उकरायची नसतात.

लायसन्सला पण हाच नियम. समज पुढच्या वर्षीच्या मार्चला, १५ महिने झाल्यावर, तिने ठरवलं की हे सॉफ्टवेअर सप्टेंबरनंतर नको. तेव्हा शिल्लक १ लाख ८० हजार. ते १८ महिन्यांऐवजी ६ महिन्यांत संपवायचे, महिन्याला ३० हजार. आणि त्याच दिवशी वापरणं बंद केलं तर सगळं त्याच वर्षी खर्चात. व्हॅन मधेच बंद केली तर निदान विकून काही येतं, इथे काहीच येत नाही, म्हणून लायसन्सची मुदत ठरवताना मी जास्त कडक असतो.

निवृत्तबँकर
कागदावर बरोबर. पण दोन वर्षांनी कोण परत बघतं काका? मी शेकडो फाइली बघितल्यात, पहिल्या वर्षी जे टाकलं तेच शेवटपर्यंत चालतं. म्हणून म्हणतो आधीच पाच धरा.

राजेंद्रनगरकर
मला आत्ता कळलं की मी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत होतो, पण चांगलं झालं, आमच्या मुलाच्या दुकानात लोनचं मुद्दल खर्चातच टाकतात बहुतेक. उद्या बघतो.

सांवेररोड_स्मिता
आणि काका टॅक्सचं? तिथे पण वेगवेगळे करायचे ना?

जमाखर्च_काका
हो, तिथे दोन्हीला घसाराच म्हणतात पण ब्लॉक, म्हणजे एका दराच्या मालमत्तेचे गट, वेगळे. व्हॅन १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये. घेतलेल्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्माच मिळतो. तुझी १ ऑक्टोबरपासून चालू आहे, मार्चअखेर १८२ दिवस भरतात, म्हणून पूर्ण १५ टक्के, १ लाख २० हजार. व्हॅनची पहिल्या दिवसाची डिलिव्हरी चलनं जपून ठेव, वापर सुरू झाल्याची तारीख त्यावरूनच सिद्ध होते. चार-पाच दिवस उशीर झाला असता तर ६० हजारच मिळाले असते.

सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या ४० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये, पण १ जानेवारीपासून ९० दिवसच भरतात म्हणून निम्मे, २० टक्के, ६६ हजार. देवासनाकाचं ४० टक्के टॅक्समध्ये बरोबर होतं, ते पुस्तकात नाही लावायचं एवढंच. फक्त एक, लायसन्स हे इन्टँजिबल हक्क म्हणून २५ टक्क्यांत पडतं असाही दावा खात्याकडून होतो, त्यावर भांडणं झालेली आहेत. मी ४० घेतो आणि बिलावर "सॉफ्टवेअर" असं स्पष्ट लिहून घ्यायला सांगतो. तुझ्या ऑडिटरला आधी विचार.

आणि जीएसटीचं क्रेडिट घेतलंयस तर ती रक्कम दोन्हीच्या किमतीत कुठेच नको, नाहीतर एकाच पैशाचा दोनदा फायदा घेतल्यासारखं होईल.

प्रणव_विजयनगर
काका, इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरचं दर वर्षी अपडेट-सपोर्टचं बिल येतं ना, ते?

जमाखर्च_काका
चालू ठेवण्यासाठीचं असेल तर खर्च. नवीन मॉड्यूल विकत घेतलं, उदाहरणार्थ गोदामाचं, तर ते वेगळी ओळ, आणि त्याची मुदत मूळ लायसन्सबरोबरच संपते का ते करारात वाच. बऱ्याचदा बरोबरच संपते, आणि लोक त्याला परत नवीन तीन वर्षं देऊन टाकतात.

सांवेररोड_स्मिता
आज मुलाला बसवून खातं फोडलं. इन्टँजिबलचा वेगळा ग्रुप केला, ३ लाख ३० हजार तिकडे, ट्रेनिंग खर्चात, व्हॅन एकटी राहिली. व्हॅनच्या ८ लाखात विम्याचे २६ हजार निघाले हो काका, म्हणजे आता ७ लाख ७४ हजारावर परत हिशोब करावा लागेल. आणि एक सापडलं, करारात रिन्युअलला ४० टक्के सूट लिहिलीय. ह्याने मुदतीत काही फरक पडतो का?

देवासनाका
हे बघा, सूट म्हणजे रिन्यू होणारच!

जमाखर्च_काका
सूट मिळाली तरी ६० टक्के भरायचेच आहेत, ती काही किरकोळ रक्कम नाही. मी तरी ३३ महिन्यांवरच ठेवीन. पण कराराचं ते पान मला पाठव, रिन्यू करायचा हक्क तुझा आहे की त्यांच्या मर्जीवर आहे, ते शब्द बघितल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. व्हॅनचं तू केलंस ते बरोबर, ७,७४,००० मधून ५ टक्के काढ आणि ८ ने भाग, वर्षाचे साधारण ९१,९०० येतील, ह्या वर्षी त्याचे निम्मे. टॅक्सचा १५ टक्के पण आता ह्याच ७,७४,००० वर.